‘तसाच एक उडणारा काढून द्या’: ओळखीच्या कार्टून पात्राचं नाव न घेता वर्णन कसं लिहायचं

शाळेची भिंत असो, गणेशोत्सवातला देखावा असो की मुलांसाठीची पुस्तिका, चित्रकाराला काम सांगणारा माणूस बहुतेक वेळा एका नावापासून सुरुवात करतो. “तो सुपरमॅन असतो ना, तसा एक काढून द्या.” मग कुणीतरी आठवण करून देतं की असं चालत नाही, कॉपीराइट असतो. त्यावरचा तोडगाही ठरलेला असतो: नाव खोडायचं आणि त्याजागी वर्णन लिहायचं. “निळा तंग पोशाख, लाल केप, छातीवर ढालीत एक अक्षर, कपाळावर कुरळी बट, उडतो.”

जुन्या वाड्यांत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, पण ‘आमच्या बंडूचे बाबा’ म्हटलं की चारही बिऱ्हाडांना माणूस कळायचा. हे वर्णनही तसंच आहे. नाव नाही एवढंच, बाकी माणूस अख्खाच्या अख्खा हजर. चित्रकार त्यावरून काय काढणार हे सांगायला नको, आणि उद्या वाद झाला तर कागदावर नाव नव्हतं याचा उपयोग शून्य.

वर्णन लिहिण्याची पद्धत चांगलीच आहे. मी मुलांच्या पुस्तिकांसाठी चित्रकारांना अशी टिपणं लिहून देते आणि तिच्यावाचून माझं पान हलत नाही. पण वर्णन कुठपर्यंत उसनं आणायचं आणि कुठून पुढे स्वतःचं लिहायचं, ही रेघ दिसायला हवी. ती कशी आखायची ते एकच उदाहरण धरून सांगते. उदाहरणासाठी मुद्दाम ‘महाबली नायक’ ही जात घेतली आहे, कारण सर्वांत जास्त मागणी तिलाच असते आणि त्याबाबत कोर्टात झालेली भांडणंही बोलकी आहेत.

रेघ कुठे पडते

सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला १९३८ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका प्रकाशकाने ‘वंडर मॅन’ बाजारात आणला. नाव वेगळं, पोशाखाचा रंग वेगळा. प्रकरण कोर्टात गेलं. १९४० च्या निकालात अपील कोर्टाने दोन्हींतली साम्यं एकेक करून मांडली: दोघेही साध्या कपड्यांच्या आत पोशाख लपवतात, पिस्तूल हाताने चुरगाळतात, बंदुकीच्या गोळ्या अंगावर झेलतात, आणि दोघांचीही ओळख जगातला सर्वांत ताकदवान माणूस अशीच करून दिलेली. कोर्टाच्या मते दोघांत खरा फरक एकच उरत होता, एकाचा पोशाख निळा आणि दुसऱ्याचा लाल. वंडर मॅन एका अंकात संपला.

त्याच निकालातला दुसरा भाग आपल्या जास्त उपयोगाचा आहे. अचाट ताकदीचा, लोकांच्या भल्यासाठी झटणारा माणूस हा नुसता प्रकार कुणाच्या मालकीचा नाही, असंही कोर्टाने म्हटलं. तो हर्क्युलिसपासून चालत आला आहे. मालकी असते ती त्या प्रकाराला दिलेल्या विशिष्ट रूपावर, प्रसंगांवर आणि त्यांच्या जुळणीवर.

आपल्याकडे १९९० च्या दशकात दिल्ली उच्च न्यायालयात असंच एक प्रकरण गेलं होतं. नागराज या हिंदी कॉमिक्समधल्या पात्राच्या प्रकाशकाने ‘नागेश’ काढणाऱ्या प्रकाशकाला कोर्टात खेचलं. नाव थोडं बदललेलं, पण हिरवं अंग, सापाच्या कातडीसारखा पोशाख आणि सापांवरची हुकमत तीच. न्यायालयाने नागेशला मनाई केली. सापांशी नातं असलेला नायक ही कल्पना दोघांनाही खुली होती. अडचण होती ती सगळे तपशील एकाच अंगावर चढवले जाण्याची.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात दिलेली कसोटीही लक्षात ठेवा. एक नाटक आणि एक चित्रपट यांच्यातला तो वाद होता. दोन्ही पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर ‘हे त्याचीच नक्कल आहे’ असा स्पष्ट ठसा उमटतो का, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरला. त्यामुळे शेवटी तपासायचं असतं ते चित्र आणि बघणाऱ्याचा डोळा. टिपणात कुठले शब्द होते हा प्रश्न दुय्यम.

आधी हवंय काय ते काढून घ्या

समजा, कोथरूडमधल्या एका संस्थेला शाळांमध्ये वाटायला हेल्मेट आणि वाहतुकीच्या नियमांवर सोळा पानी चित्रपुस्तिका हवी आहे. संस्थेचे कार्यवाह म्हणतात, “मॅडम, तो लाल टॉवेलवाला घ्या ना. मुलं एका झटक्यात ओळखतात.”

इथे लगेच कायदा सांगायला बसू नका. विचारा, “सर, त्याच्यातलं तुम्हाला नेमकं काय हवंय?” उत्तरं साधारण अशी येतात: लांबून ओळखू आला पाहिजे, अडचणीत वेळेवर पोचला पाहिजे, मुलांना त्याचा धाक न वाटता आधार वाटला पाहिजे. ही उत्तरं शब्दशः लिहून घ्या. यातली एकही गोष्ट कुणाच्या मालकीची नाही. ग्राहकाच्या तोंडी नाव असतं, पण त्याला हवं असतं त्या पात्राचं काम. टिपणाचा पाया हे काम असतं, आणि पुढे चित्रकाराने काही वेगळं आणलं की “हे सर आपण ठरवलेल्या तीन गोष्टी करतंय का” असं विचारता येतं. नाहीतर चर्चा “त्याच्यासारखं वाटत नाही” इथेच अडकते.

लक्षणांचे ढीग

आता त्या ओळखीच्या पात्राबद्दल आणि त्याच्या जातीच्या इतर नायकांबद्दल जे जे आठवतं ते सगळं एका कागदावर उतरवा. नावासकट, बिनधास्त. हा कागद तुमच्यापुरता आहे. मग प्रत्येक लक्षणाला एकच प्रश्न विचारा: हे लक्षण एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन निर्मात्यांच्या पात्रांत मला दाखवता येतं का? येत असेल तर ते जातीचं लक्षण. येत नसेल तर ती त्या पात्राची खूण. तीन हा आकडा कायद्यातला नाही, माझ्या सोयीचा आहे. पण तो ठेवला की हात आखडता राहतो.

या चाळणीतून अचाट ताकद, अंगाबरोबरचा पोशाख, केप, चेहरा झाकणं, दिवसा एक आयुष्य आणि संकटात दुसरं ही सगळी जातीची लक्षणं म्हणून खाली येतात. छातीवरची ढालीसारखी आकृती आणि तिच्यातलं अक्षर, नष्ट झालेल्या ग्रहावरून आलेलं बाळ, चष्मा लावणारा बुजरा वार्ताहर, कपाळावरची ती बट, निळा-लाल-पिवळा हे त्रिकूट वर अडकतं. या खुणा आहेत. त्यांना हात लावायचा नाही, आणि थोडं बदलून घ्यायचं हेही नाही.

खरा घोटाळा तिसऱ्या ढिगात होतो. उडणं हे एकट्याने जातीचं लक्षण. लाल केपही तशीच. गोळी अंगावरून परतणं, पोलादी छाती, कमरेवर मुठी ठेवून उभं राहणं, यांतलं प्रत्येक सुटं कुठेही सापडेल. पण ही पाचही एकाच अंगावर आली की बघणारा नाव घेऊन मोकळा होतो. वंडर मॅनचं हेच झालं होतं. म्हणून जातीच्या लक्षणांनाही मी मर्यादा घालते: एकाच मूळ पात्राच्या अंगावर असलेली दोनपेक्षा जास्त लक्षणं नव्या पात्रात एकत्र येऊ द्यायची नाहीत. तिसरं घ्यावंसं वाटलं तर आधीच्या दोहोंतलं एक सोडायचं.

आपल्या पुस्तिकेसाठी काय ठेवायचं? चेहरा झाकणं आणि दुहेरी आयुष्य. उडणं, केप, ताकद, सगळं सोडलं. कार्यवाहांच्या तीन मागण्यांत उडणं नव्हतंच. वेळेवर पोचणं होतं, आणि पुण्यात ते उडण्यापेक्षा अवघड आहे.

रिकाम्या जागा कशाने भरायच्या

इथे बहुतेक जण उलट्याचा खेळ करतात. निळ्याचा लाल, पुरुषाची बाई, डावीकडची बट उजवीकडे. ज्याची प्रत उलटी केली त्याची आठवण तशीच राहते. रिकामी जागा भरायला उत्तर मूळ पात्रात शोधू नका, आपल्या गोष्टीत शोधा.

गोष्ट दुचाकीची आहे आणि पुण्याची आहे. चेहरा झाकायचा आहे? पुण्यातल्या कितीतरी बायका-मुली दुचाकीवर बसताना स्कार्फने डोळ्यांखेरीज सगळा चेहरा झाकूनच निघतात. मुखवटा आयता मिळाला, आणि तो कुठल्याही कॉमिक्समधून आलेला नाही, सिग्नलवरून आला आहे. पोशाख? उन्हासाठीचा सुती सनकोट. दिवसाचं आयुष्य? दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवणारी बाई. आणि शक्ती तिच्या धंद्यातूनच यावी: तिला गाड्यांचं ऐकू येतं. रस्त्यावरच्या गोंगाटात कुणाचा ब्रेक घासला गेलाय, कुणाचं चाक हलतंय, ते तिला दोन चौक आधी कळतं. पोचते कशी? पेठांतल्या बोळांतून, जुन्या मोपेडवर.

बघा, ताकद हा शब्द आलाच नाही, तरी मुलांना आधार वाटेल. शक्ती पात्राच्या कामातून काढली की तिच्यावरून प्रसंगही सुचतात, आणि ते प्रसंगही आपोआप वेगळे होतात. सोळा पानांत हे फार मोलाचं असतं. वंडर मॅनच्या निकालात प्रसंगांचं साम्यही मोजलं गेलं होतं, हे विसरू नका. चित्र वेगळं आणि पिस्तूल चुरगाळण्याचा प्रसंग तोच, असं झालं तर अर्धंच काम झालं.

मग आपल्या कल्पनेचा शोध घ्या

पात्र मनात तयार झालं की चित्रकाराकडे जायच्या आधी एक शोध घ्यायचा, आणि यावेळी तो मूळ पात्राचा नसतो, आपल्या नव्या पात्राचा असतो. एका ओळखीच्या पात्रापासून पळताना दुसऱ्याच्या अंगणात उतरणं सहज होतं. ‘चेहरा झाकलेली स्त्री नायिका’ असं शोधलं तर पाकिस्तानातली २०१३ ची ‘बुरका अ‍ॅव्हेंजर’ ही कार्टून मालिका समोर येते. तिची नायिका शाळेत शिक्षिका आहे आणि पुस्तकं-लेखण्या ही तिची हत्यारं आहेत.

म्हणून आपली नायिका सोडून द्यायची का? नाही. चेहरा झाकलेली नायिका ही पुन्हा एक जात झाली. पण आता शिक्षिकेचा पेशा, पुस्तकाचं हत्यार आणि नखशिखान्त काळा पोशाख या तिच्या खुणा आहेत हे कळलं. समजा, कार्यवाह मध्येच म्हणाले, “आपली पुस्तिका शाळांसाठी आहे, तर तिला बाईच करू या ना शाळेतली,” तर नको का म्हणायचं याचं कारण तुमच्याकडे तयार आहे.

टिपण लिहिताना

चित्रकाराला द्यायच्या टिपणात कुठल्याही ओळखीच्या पात्राचं नाव नको, ‘तसा पण थोडा वेगळा’ हे शब्दही नकोत. याची कारणं दोन. नाव वाचलं की चित्रकाराच्या हातात ते अख्खं पात्र येतं, मग खाली कितीही विशेषणं लिहा. दुसरं असं की, नक्कल झाली का हे ठरवताना दोन गोष्टी जोडून बघितल्या जातात, मूळ कृती समोर होती का आणि साम्य किती आहे. ‘अमक्यासारखा काढ, फक्त रंग बदल’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून दिलंत. पण हे कारण ऐकून कुणी फोनवर नाव सांगून कागदावर वर्णन लिहिणार असेल, तर त्याने हा लेख उलटा वाचला. साम्य चित्रात दिसणारच.

आपल्या नायिकेचं टिपण साधारण असं होईल:

“वय पंचेचाळीसच्या पुढे. ठेंगणी, रुंद खांद्यांची, पावलं जमिनीला घट्ट. हात ग्रीसने काळवंडलेले, नखांच्या कडा कायम काळ्या. गुडघ्यापर्यंत येणारा फिक्या रंगाचा, बारीक फुलांचा सुती सनकोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशातून पान्याचं टोक बाहेर. चेहऱ्याभोवती मोरपिशी स्कार्फ. गाठ मानेवर, टोकं खांद्याच्या वरच संपतात. त्यावर समोरून उघडं, कान पूर्ण झाकणारं पांढरं हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा लावलेला, मागे चकाकणाऱ्या पट्टीचे तीन तुकडे. डोळे बारीक, भुवया जाड. भाव ऐकणाऱ्या माणसाचा. नेहमीची बैठक: एक गुडघा जमिनीला टेकलेला, डोकं तिरकं, कान चाकाकडे. संकट आलं की ती आधी थांबते, मग हलते.”

यात काय आहे ते बघा. प्रत्येक वाक्य काढता येईल असं आहे. ‘धाडसी’, ‘तेजस्वी’, ‘रुबाबदार’ असले शब्द नाहीत, कारण ते वाचून चित्रकार डोक्यातल्या तयार साच्याकडे जातो. आणि बैठक मुद्दाम लिहिली आहे. महाबली नायकाची खरी ओळख कपड्यांपेक्षा उभं राहण्यात असते, छाती पुढे, मुठी कमरेवर. तिथे तुम्ही काही लिहिलं नाही तर तीच बैठक येणार.

हेल्मेटला एक पोचा दिला असता तर चित्र छान दिसलं असतं. पण मार बसलेलं हेल्मेट बदलायचं असतं, आणि पुस्तिका त्याचीच आहे. म्हणून चकाकणारी पट्टी.

काय टाळायचं याची यादी चित्रकाराला द्यावी का, यावर मतं वेगळी आहेत. मी देत नाही. ‘केप नको, छातीवर चिन्ह नको’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी केप आणि चिन्हच येतं. ती यादी मी माझ्याकडे ठेवते आणि आलेलं चित्र तिच्याशी ताडून बघते. काही संपादक मोकळेपणाने यादी देतात, तेही चालतं. पण त्या यादीत नावं घालू नका, लक्षणंच लिहा.

कच्ची चित्रं आली की

पहिल्या कच्च्या चित्रांत पात्र हळूच जुन्या वळणाकडे सरकतं. चित्रकाराचा काही डाव नसतो, हाताला सवय असते. आपल्या नायिकेबाबत सरकणं कुठे होईल हे आधीच सांगता येतं. स्कार्फची टोकं लांब होऊन वाऱ्यावर उडू लागतात, म्हणजे केप परत आली. सनकोट अंगाला घट्ट बसतो. छातीवर त्रिकोणात पाना येतो, कारण ‘काहीतरी चिन्ह हवं’ असं वाटतं. पाचव्या-सहाव्या पानापर्यंत ठेंगणी बाई चांगली उंच झालेली असते.

दुरुस्ती सांगताना पुन्हा वर्णनानेच सांगा. “केपसारखं दिसतंय” यापेक्षा “टोकं खांद्याच्या वर संपू देत, गाठीत खोचलेली चालतील” हे जास्त कामाचं. छातीवरचं चिन्ह काढायला सांगताना त्याची जागा दाखवा: पाना खिशात आहेच, तोच तिची ओळख. उंचीसाठी एक साधा उपाय म्हणजे पात्राच्या शेजारी मोपेड उभी करून एक चित्र आधी पक्कं करून घ्यायचं. हँडलच्या तुलनेत खांदा कुठे येतो ते ठरलं की सोळाही पानांवर तेच माप लागू होतं.

मग तीन चाचण्या. पात्र पूर्ण काळ्या रंगात भरून नुसती बाह्याकृती बघा. हेल्मेट, कोटाचा घेर आणि तिरकं डोकं एवढ्यावरून आपली बाई ओळखू आली पाहिजे. कुठल्याही उडणाऱ्या नायकाची आकृती दिसली तर बैठक बदला, रंग बदलून काही होणार नाही. दुसऱ्या चाचणीत चित्र अंगठ्याएवढं लहान करा. बारीक तपशील नाहीसे होतात आणि रंगांचे मोठे डाग तेवढे उरतात. त्यात ओळखीचं त्रिकूट दिसतंय का बघा.

तिसरी चाचणी माणसांवर. ज्यांनी टिपण वाचलेलं नाही अशा पाच-सहा मुलांना आणि एक-दोन मोठ्यांना चित्र दाखवा आणि फक्त विचारा, “ही कोण असेल?” “ही अमक्यासारखी दिसते का?” असं विचारू नका, तुम्हीच नाव पुरवलंत तर सगळे माना डोलावतात. दोघातिघांनी आपणहून एकच ओळखीचं नाव घेतलं तर चित्र परत जातं. “गॅरेजवाली काकू”, “आमच्या मावशीसारखी” असं काही आलं तर पुढे चला. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या सामान्य प्रेक्षकाच्या कसोटीची ही घरगुती आवृत्ती. तिला कायदेशीर वजन नाही, पण तिने दाखवलेली चूक छपाईआधी दुरुस्त होते.

हीच चाचणी टिपणावरही करता येते. टिपण कुणाला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने मधेच थांबवून एखादं नाव सांगितलं तर ते कुठल्या वाक्यावर सांगितलं त्याची खूण करा. दोष त्या वाक्यात किंवा त्याच्या आधीच्या दोन वाक्यांच्या जोडीत असतो.

नावाची पडताळणी

समजा, नाव ठरलं ‘ब्रेकताई’. कॉपीराइट आणि ट्रेडमार्क हे दोन वेगळे हक्क आहेत. चित्र कितीही नवं असो, नाव कुणीतरी नोंदवलेलं असू शकतं. आयपी इंडिया या सरकारी संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध फुकट घेता येतो. ट्रेडमार्कच्या नोंदणीत छापील साहित्य वर्ग १६ मध्ये येतं, शिक्षण आणि मनोरंजन वर्ग ४१ मध्ये. संस्था पुढे टी-शर्ट काढणार असेल तर वर्ग २५, खेळणी काढणार असेल तर वर्ग २८ सुद्धा बघा. आधी `Wordmark` निवडून आणि मग `Phonetic` निवडून शोधा, कारण ऐकायला सारखं वाटणारं नावही अडचणीचं ठरतं. ‘सुपर’ने सुरू होणारी आणि ‘मॅन’ने संपणारी नावं मी यादीतच घेत नाही. चित्राने टाळलेली आठवण नाव परत आणतं.

ग्राहक हमखास सांगतो ती कारणं

“आम्ही फुकट वाटतोय, समाजकार्य आहे.” भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये सवलती आहेत, पण चांगल्या कामासाठी फुकट वाटप अशी सरसकट सवलत त्यात नाही. वर्गात शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला मोकळीक आहे. बाईंनी फळ्यावर एखादं कार्टून काढून धडा शिकवणं वेगळं आणि संस्थेने हजारो प्रती छापून शाळांना वाटणं वेगळं.

“इतकं जुनं झालंय, आता कुणाचं राहिलंय?” हे कधीकधी खरं असतं, पण अर्धंच. मिकी माउसचं १९२८ च्या लघुपटातलं रूप २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेत कॉपीराइटमधून मोकळं झालं. मोकळं झालं ते त्या लघुपटातलं रूप, पुढच्या काळात बदलत गेलेला मिकी नव्हे, आणि ट्रेडमार्क वेगळाच राहिला. शिवाय मुदत प्रत्येक देशात वेगळी मोजली जाते. सोळा पानी पुस्तिकेसाठी हे गणित सोडवत बसण्यापेक्षा आपली गॅरेजवाली बरी.

“विडंबन म्हणून काढू.” विडंबनात मूळ पात्रावर किंवा त्याच्या जगावर काहीतरी भाष्य असावं लागतं. हेल्मेट घाला हे सांगण्यासाठी उडणारा माणूस वापरला तर ते विडंबन होत नाही, उसनवारी होते. मोठी छपाई, विक्री किंवा ब्रँडची जाहिरात असेल तर या टप्प्यावर वकिलाचा सल्ला घ्या. त्याची फी पुस्तिका मागे घेण्याच्या खर्चापेक्षा बरीच कमी असते.

जपून ठेवायचे कागद

ग्राहकाच्या तीन मागण्या, तारीख घातलेलं टिपण, कच्च्या चित्रांच्या सगळ्या आवृत्त्या आणि नावाच्या शोधाचे स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. पात्र गॅरेजपासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने कसं घडलं हे त्यातून दिसतं. ढीग पाडलेला तो पहिला कागदही फाडू नका. त्यावर मूळ नाव आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण काय सोडलं आणि का सोडलं हे त्याच कागदावर दिसतं.

याच फोल्डरचा रोजचा उपयोग मात्र वेगळा आहे. वर्षभराने संस्थेला दुसरी पुस्तिका हवी असते, तोवर चित्रकार बदललेला असतो, आणि नव्या चित्रकाराला फक्त पहिली पुस्तिका पाठवली जाते. तो चित्रावरून चित्र काढतो आणि टोकं पुन्हा लांबू लागतात. त्याला पुस्तिकेच्या आधी टिपण पाठवा आणि मोपेडशेजारचं ते मापाचं चित्र सोबत जोडा. पहिलं पान काढायला घेण्याआधी ब्रेकताईची नुसती काळी बाह्याकृती मागवून घ्या.